फोटोतली जमीन आरोग्य पत्रिका: आकडे कसे वाचायचे आणि हरभऱ्याचं खत कसं ठरवायचं

मूळ जमीन आरोग्य पत्रिका बहुतेक घरांत कपाटात किंवा पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये घडी घालून पडलेली असते. प्रत्यक्षात हिंडतो तो तिचा मोबाईलवर काढलेला फोटो, आणि खताचा निर्णयही त्याच फोटोवरून होतो. म्हणून इथे एका फोटोतले आकडे उदाहरणादाखल घेऊन ते शेवटपर्यंत सोडवले आहेत. जमीन मध्यम काळी, खरिपात सोयाबीन निघालेलं, रब्बीत हरभरा घ्यायचा आहे आणि क्षेत्र एक एकर.

आधी फोटो तपासा

आकड्यांचा अर्थ लावण्याआधी ते आकडे बरोबर वाचले आहेत का, हे पाहावं लागतं. पत्रिका लॅमिनेट केलेली असेल आणि फोटो फ्लॅश लावून काढलेला असेल, तर चकाकीचा पांढरा डाग नेमका मूल्यांच्या रकान्यावर बसतो. घडीची रेघ आकड्यावरून गेली की दशांश चिन्ह गायब होतं. जस्त ०.४८ आहे की ४.८? पहिल्या आकड्यात जस्ताची कमतरता आहे, दुसऱ्यात जस्त मुबलक आहे. क्षारता ०.३८ असेल तर काळजी नाही, ३.८ असेल तर त्या रानात हरभरा पेरण्याआधी दहादा विचार करावा लागेल. ३ आणि ८ यांचीही अशीच गफलत होते.

शंका आली तर आकडे एकमेकांशी ताडून पाहा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब ४.२ टक्के सापडणार नाही, तो ०.४२ च असणार. कर्ब कमी असेल तर नत्रही बहुधा कमीच दिसतं. एक अगदी कमी आणि दुसरं भरपूर असेल, तर वाचण्यात किंवा टंकण्यात चूक झाली असण्याची शक्यता मोठी. तरीही खात्री होत नसेल तर फोटो पुन्हा मागवा. पत्रिका सपाट ठेवून, उजेडात पण थेट उन्हात नाही, फ्लॅश बंद करून, मोबाईल अगदी वर आडवा धरून काढलेला फोटो हवा. एक संपूर्ण पानाचा आणि एक फक्त तक्त्याचा, असे दोन असले की काम होतं. एककांचा रकाना कापला जाऊ देऊ नका.

मग नमुन्याची माहिती वाचा. ती बहुतेक जण वगळतात. गट क्रमांक सातबाऱ्यावरच्या गटाशी जुळतो का? नमुना कोणत्या तारखेचा आहे? तीन वर्षांपेक्षा जुन्या पत्रिकेतले नत्र, स्फुरद आणि गंधकाचे आकडे आजच्या रानाचे मानू नयेत. सामू मात्र इतक्या लवकर फारसा हलत नाही. बागायत की जिरायत तेही बघा, कारण ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली तेव्हा बागायती भागात अडीच हेक्टरला एक आणि जिरायती भागात दहा हेक्टरला एक नमुना घ्यायचा, अशी पद्धत होती. त्या चौकोनात येणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांना त्याच एका नमुन्याचे आकडे मिळाले. त्यामुळे पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती शेजारच्या रानातली असू शकते. दोन शेजाऱ्यांच्या पत्रिकेत बारापैकी बारा आकडे तंतोतंत सारखे दिसले, तर हेच झालेलं असतं. अशा पत्रिकेवरून परिसराचा अंदाज येतो, पण आपल्या बांधाच्या आतलं सांगायला स्वतःचा नमुनाच लागतो.

आकडे आणि त्यांचा अर्थ

आपल्या उदाहरणातल्या पत्रिकेत असं लिहिलं आहे:

सामू ८.३
क्षारता (ईसी) ०.३८
सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के
नत्र १६८, स्फुरद ८.४, पालाश ४१२ (किलो प्रति हेक्टर)
गंधक ८.२, जस्त ०.४८, लोह ३.६, मंगल ६.८, तांबे १.९, बोरॉन ०.६२ (पीपीएम)

वरून खाली एकेक आकडा वाचत जाऊ नका. आधी सामू आणि क्षारता पाहा, कारण बाकीचे आकडे जमिनीत कसे वागतील ते या दोघांवर ठरतं. क्षारता १ च्या आत आहे, म्हणजे विद्राव्य क्षारांची अडचण नाही. हरभऱ्याला क्षार सोसत नाहीत, त्यामुळे हा आकडा आधी बघून मोकळं व्हावं. सामू ८.३ म्हणजे जमीन अल्कधर्मी आहे. अशा जमिनीत चुनखडीचं प्रमाण बहुधा जास्त असतं. दिलेल्या स्फुरदाला तिथला कॅल्शियम धरून ठेवतो, आणि जस्त व लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत. या पत्रिकेत हीच तिन्ही कमी दिसतात, तो योगायोग नाही. सामू साडेआठच्या वर असता तर चोपणपणाची शंका घेऊन जिप्समसाठी वेगळी तपासणी करावी लागली असती. ८.३ ला जिप्समची पोती आणून टाकायची घाई करू नये.

नत्र २८० च्या खाली असेल तर कमी, ५६० च्या वर असेल तर जास्त. इथे १६८, म्हणजे स्पष्टच कमी. स्फुरद १० च्या खाली कमी, २५ च्या वर जास्त. इथे ८.४. पालाश २८० च्या वर गेलं की जास्त, आणि इथे ४१२ आहे. काळ्या जमिनीत असं दिसणं नेहमीचंच. महाराष्ट्रातल्या काही प्रयोगशाळा तीनऐवजी ‘अत्यंत कमी’ ते ‘अत्यंत जास्त’ अशा सहा वर्गांत विभागणी करतात, म्हणून एकच आकडा एका कागदावर ‘मध्यम’ आणि दुसऱ्यावर ‘कमी’ दिसू शकतो. शेरा आणि आकडा दोन्ही वाचावेत, आणि दोघांत भांडण असेल तर आकड्यावर विसंबावं.

गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांना वर्ग नसतात, एकच सीमारेषा असते. गंधकाची १०, जस्ताची ०.६, लोहाची ४.५, मंगलाची २, तांब्याची ०.२ आणि बोरॉनची ०.५ पीपीएम. त्यावरून या रानात गंधक, जस्त आणि लोह कमी आहेत, तर मंगल, तांबे आणि बोरॉन पुरेसे आहेत. पुरेसं असलेलं विकत घेऊन टाकण्यात अर्थ नाही. बोरॉनच्या बाबतीत तर विशेष सांभाळावं, कारण त्याची गरज आणि विषबाधा यांच्यातलं अंतर फार थोडं असतं.

नवख्या माणसाची इथे एक ठरलेली चूक होते. ‘जमिनीत १६८ किलो नत्र आहे आणि पिकाला लागतं त्याहून कमी, मग खत कशाला?’ असा हिशेब तो मांडतो. हा आकडा म्हणजे गोदामातला शिल्लक माल नव्हे. प्रयोगशाळेत ठरावीक रसायनाने मातीतून जेवढं निघालं, तेवढं तिथे लिहिलेलं असतं. पीक त्यातलं किती आणि कधी घेईल, ते ओल, तापमान आणि मुळांच्या पसाऱ्यावर ठरतं. वर्षानुवर्षांच्या खत प्रयोगांतून या आकड्याची पिकाच्या प्रतिसादाशी सांगड घातली गेली, आणि त्यातून कमी, मध्यम, जास्त हे वर्ग आले. म्हणून आकड्यावरून वर्ग काढायचा, आणि वर्गावरून शिफारशीत वाढ-घट करायची. आकडा थेट वजा करायचा नाही.

दुसरी गफलत स्फुरदाची. पत्रिकेतलं ८.४ हे बहुधा मूलद्रव्य स्वरूपातलं स्फुरद (P) असतं, तर खताच्या गोणीवरचे टक्के P₂O₅ मध्ये असतात. P ला २.२९ ने गुणलं की P₂O₅ मिळतं. पत्रिकेवर P₂O₅ असं छापलं असेल तर १० आणि २५ या सीमा तशाच लावू नका, आधी आकड्याला २.२९ ने भागा.

शिफारशीत वाढ-घट

महाराष्ट्रात हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश ही मात्रा सर्रास वापरली जाते. सोपा नियम असा: अन्नद्रव्य कमी असेल तर मात्रा २५ टक्क्यांनी वाढवा, मध्यम असेल तर तशीच ठेवा, जास्त असेल तर २५ टक्क्यांनी घटवा. मग हेक्टरचा आकडा अडीचने भागला की एकराचा मिळतो.

स्फुरद कमी आहे, म्हणून ५० चे साडेबासष्ट, म्हणजे एकरी २५ किलो. पालाश जास्त आहे, म्हणून ३० चे साडेबावीस, म्हणजे एकरी ९ किलो. पैसा कमी पडत असेल तर सगळ्यात आधी हात आखडावा तो पालाशवर. ४१२ आकडा असलेल्या रानात एका हंगामाला पालाश दिलं नाही म्हणून हरभरा अडून राहणार नाही.

नत्र मात्र नियमाने वाढवायचं नाही. पत्रिकेत ‘कमी’ असा शेरा दिसला की हात युरियाकडे जातो, आणि हरभऱ्यात नेमकं तेच नुकसानीचं ठरतं. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र पिकाला मिळवून देतात. जमिनीत आयतं नत्र भरपूर मिळालं की गाठी कमी धरतात, झाड नुसतंच माजतं आणि घाटे त्या मानाने लागत नाहीत. सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत, गाठी कामाला लागेपर्यंत, थोडं नत्र लागतं, आणि तेवढ्यासाठीच हेक्टरी २५ किलोची शिफारस आहे. म्हणून एकरी १० किलो आणि तेही पेरणीबरोबर, नंतर वरखत नाही.

याच पत्रिकेवर गहू घेतला असता तर चित्र उलटं झालं असतं. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस आहे. कमी नत्राच्या जमिनीत ती १५० वर जाते, म्हणजे एकरी ६० किलो. सगळं युरियातून दिलं तर जवळपास तीन गोण्या. हरभऱ्याला त्याच रानात अर्धी गोणी पुरते. नत्र आणि कर्ब दोन्ही कमी असलेल्या जमिनीत सोयाबीनवर हरभरा घेणं खताच्या हिशेबाने का परवडतं, ते या फरकावरून दिसतं.

दुकानात काय घ्यायचं

एकरी १० किलो नत्र, २५ किलो स्फुरद आणि ९ किलो पालाश हवं, शिवाय गंधकाची कमतरता आहे. हरभऱ्याला हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो गंधक धरा.

या रानाला सिंगल सुपर फॉस्फेट चांगलं बसतं. त्यात १६ टक्के स्फुरद आणि साधारण ११ टक्के गंधक असतं. ५० किलोच्या तीन गोण्या घेतल्या की २४ किलो स्फुरद आणि त्याबरोबर सोळा किलोच्या आसपास गंधक मिळतं. गंधकाचा प्रश्न तिथेच सुटला. नत्रासाठी २२ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोची अर्धी गोणी. पालाश द्यायचंच असेल तर १५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश.

सुपर फॉस्फेट मिळालं नाही तर डीएपीची एक गोणी घ्या. तिच्यातून २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र मिळतं, त्यामुळे युरिया लागत नाही. पण डीएपीत गंधक नसतं. ते वेगळं द्यावं लागेल: ९० टक्क्यांचं बेन्टोनाइट गंधक एकरी १० किलो. हे गंधक जमिनीत जिवाणूंनी बदलल्यावरच पिकाला मिळतं, म्हणून ते पेरणीच्या आधी मातीत मिसळलेलं बरं.

दुकानदार बहुधा १०:२६:२६ पुढे करतो. दोन गोण्यांत १० किलो नत्र आणि २६ किलो स्फुरद, म्हणजे हिशेब जमल्यासारखा वाटतो. पण त्याबरोबर २६ किलो पालाशही येतं, जे या रानाला नकोय, आणि गंधक येत नाही. २०:२०:०:१३ मध्ये गंधक आहे खरं, पण त्यातून २५ किलो स्फुरद द्यायचं तर नत्रही २५ किलो जातं. हरभऱ्याला तेवढं नको.

जस्त, लोह आणि खत देण्याची जागा

जस्तासाठी २१ टक्क्यांचं झिंक सल्फेट एकरी ८ ते १० किलो द्या. ३३ टक्क्यांचं मिळालं तर सहा-साडेसहा किलो पुरे, म्हणून पिशवीवरचे टक्के वाचूनच घ्या. ते सुपर फॉस्फेट किंवा डीएपीत कालवून एकाच चाड्यातून सोडू नका. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की त्यांचं न विरघळणारं संयुग होतं आणि दोन्ही वाया जातात. शेणखतात मिसळून शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी पसरवलं की ठीक. एकदा दिलेलं जस्त दोन-तीन हंगाम काम करतं, त्यामुळे दर पेरणीला देण्याची गरज नाही.

लोहाचं तसं नाही. ८.३ सामूच्या जमिनीत नुसतं हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, टाकलं तर ते थोड्या दिवसांत पिकाच्या उपयोगाचं राहत नाही. इथे पिकाकडे बघून फवारणी करणं शहाणपणाचं. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर कारण नत्र, म्हणजे गाठींचं काहीतरी बिघडलंय. आणि पाणी दिल्यावर किंवा पाऊस साचल्यावर तीन-चार दिवसांत सगळं रान पिवळसर झालं, तर हिराकस आणायला धावू नका. काळ्या रानात हवा कोंडली की असं होतं आणि वाफसा आला की पीक आपोआप हिरवं होतं. फवारणी लागलीच, तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, संध्याकाळच्या वेळी. हिराकस हिरवट असावं. तपकिरी-पिवळं पडलेलं जुनं हिराकस आणि रात्रभर ठेवून तांबूस झालेलं द्रावण, दोन्ही टाकाऊ समजा.

स्फुरद कुठे पडतं याला या जमिनीत किती पडतं याच्याइतकंच महत्त्व आहे. फोकून दिलं तर ते वरच्या थरात पसरून चुनखडीशी बांधलं जातं, आणि वरचा थर सुकला की मुळं तिथे फिरकतही नाहीत. दोन चाड्यांच्या पाभरीने किंवा खत-बियाणं एकत्र पेरणाऱ्या यंत्राने ते बियाण्याच्या दोन-तीन बोटं खाली पडलं पाहिजे. पेरणीच्या वेळी राहून गेलेलं सुपर फॉस्फेट महिन्याने ओळींत फेकलं, तर त्याचा पैसा त्या हंगामात तरी वसूल होत नाही.

बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम चोळा, मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २५ ग्रॅम. सावलीत सुकवून लगेच पेरा. ‘सोयाबीन होतं, म्हणजे जिवाणू जमिनीत आहेतच’ हा युक्तिवाद चालत नाही. सोयाबीनच्या गाठींतला जिवाणू वेगळा आणि हरभऱ्याचा वेगळा. पाकिटावर हरभऱ्याचं नाव आणि वापराची मुदत बघूनच घ्या.

पत्रिका सांगत नाही ते

चुनखडी किती, जमिनीची खोली किती, निचरा कसा, मर रोगाची बुरशी आहे का, यातलं काहीही या बारा आकड्यांत नाही. गेल्या वेळी रानात मर मोठ्या प्रमाणात आली असेल, तर खताचा हिशेब कितीही नेमका केला तरी तिथे पुन्हा हरभरा घेणं धोक्याचं.

गाठींची तपासणी तुम्हाला स्वतःच करता येते. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, वाफसा असताना, रानातल्या चार-पाच ठिकाणची झाडं मातीच्या ढेकळासकट खुरप्याने उचला. झाड ओढून उपटलं तर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एखादी गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर रंग असेल तर गाठ काम करते आहे. पांढरी किंवा हिरवी असेल, किंवा गाठीच नसतील, तर पीक फुलोऱ्यात असताना दोन टक्के युरियाची फवारणी करून निभवावं लागेल, आणि पुढच्या वेळी जिवाणूंचं पाकीट कुठून आणि किती जुनं घेतलं ते तपासावं लागेल.

जस्त टाकताना दोन-तीन सरींचा एक पट्टा मुद्दाम सोडून द्या आणि बांधावर खूण करा. काढणीला त्या पट्ट्याचा आणि शेजारच्या तेवढ्याच पट्ट्याचा दाणा वेगळा वजन करा. पुढचा माती नमुना हरभरा निघाल्यावर, शेणखत किंवा रासायनिक खत पडण्याआधी घ्या: नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा, त्याच्या उताराच्या बाजूची पातळ चकती, आणि सगळी माती मिसळून चार भाग करत करत अर्धा किलो. बांधालगतची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. तो निकाल आला की त्याचा फोटो काढताना जुनी पत्रिकाही शेजारी ठेवा, म्हणजे जस्ताचे दोन्ही आकडे एकाच चौकटीत दिसतील.